ग्रुपवर जास्त कोण बोलतं?



वरळी कोळीवाड्यातल्या ज्या समितीबरोबर मी काम करते, तिच्यात पाच बाया आणि पाच पुरुष आहेत. बैठक सकाळी असते आणि मासळी विकणाऱ्या बायांना ती वेळ जमत नाही. त्यांनी संध्याकाळची वेळ मागितली, तेव्हा एक सभासद म्हणाले, "कशाला? व्हॉट्सअ‍ॅपवर तर बायकाच जास्त बोलतात." असं विधान आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. या वेळी ते मोजून बघता येण्यासारखं होतं. दहाही जणांची संमती घेतली, सहा महिन्यांचा मजकूर ग्रुपमधून बाहेर काढला आणि नावं-नंबर काढून त्या जागी अक्षरं घातली.

पहिली मोजणी शब्दांची. तिच्यात पुरुष बरेच पुढे निघाले. पण त्यांच्या शब्दांत पालिकेच्या नोटिसा आणि इतर ग्रुपवरून पुढे ढकललेली निवेदनं होती. बाहेर काढलेल्या मजकुरात 'फॉरवर्ड' अशी खूण राहत नाही, ते वाचूनच वेगळं करावं लागतं. उलट बाया टाइप करत नाहीत, आवाज पाठवतात. हात ओले, मासळीचे, वर समोर गिऱ्हाईक! मजकूर काढताना आवाज सोबत घेतला नाही, तर त्या जागी फक्त `<Media omitted>` एवढंच उरतं. म्हणजे दोन मिनिटांचं बोलणं, दोन-अडीचशे शब्द तरी असतील, ते मोजणीत दोन शब्दांचं होतं. आम्ही चार आठवड्यांचे आवाज ऐकून लिहून काढले. तेव्हा दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत आल्या.

संगणकाची एक खोड इथेच सांगते, कारण ती मराठीलाच नडते. शब्द शोधण्यासाठी पायथनमध्ये सर्रास वापरली जाणारी `\w+` ही खूण काना-मात्रा-वेलांटीपाशी शब्द तोडते. 'मासळी'चे 'म' आणि 'सळ' असे दोन तुकडे होतात. रोमन लिपीत `masali` लिहिणाऱ्याचा मात्र एकच शब्द धरला जातो. म्हणून शब्द मोकळ्या जागेवरूनच तोडावेत: `text.split()`.

दुसरी मोजणी उत्तराच्या वेगाची, आणि तिच्यावर माझा सर्वांत कमी विश्वास आहे. पहाटे भाऊच्या धक्क्यावर गेलेली बाई दुपारी फोन बघते. तिची सरासरी काढली तर ती बेफिकीर ठरते. सरासरी सोडून सगळे अवकाश लहान-मोठे क्रमाने लावले आणि मधला घेतला, तोही फक्त संध्याकाळी सात ते दहाचा, जेव्हा दोघांच्याही हातात फोन असतो. मग फरक उरला नाही. शिवाय वेग म्हणजे उत्साह, असंही नाही. सल्ला केंद्रात एका बाईने नवऱ्याबरोबरचं चॅट दाखवलं होतं. तिचं प्रत्येक उत्तर मिनिटाच्या आत, त्याचं तासांनी. उशीर झाला की घरी काय होतं, ते त्या आकड्यांत कुठेच नव्हतं.

खरं काय ते विषयांच्या मोजणीत सापडलं. अमेरिकेत पामेला फिशमन यांनी 1978 साली तीन जोडप्यांच्या घरातलं 52 तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं होतं. 76 विषयांपैकी 47 बायकांनी काढले, 29 पुरुषांनी. पण संभाषण म्हणून उभे राहिले ते बायकांचे 17 आणि पुरुषांचे 28. तेव्हा विषय कोण बदलतं एवढंच मोजून भागत नाही. कोणाचा विषय उचलला जातो, ते बघावं लागतं.

आम्ही नियम ठरवला: आधीच्या बोलण्याला उत्तर नसलेला संदेश म्हणजे नवा विषय, आणि त्याच दिवशी आणखी दोघे त्यावर बोलले तर तो उचलला गेला. नुसता अंगठा धरायचा नाही. दोघींनी वेगवेगळं वाचून खुणा केल्या. जिथे जुळलं नाही तिथे पुन्हा एकत्र वाचलं. लिहून काढलेल्या चार आठवड्यांत बायांनी 23 विषय काढले, त्यातले 8 उचलले गेले. पुरुषांचे 18 पैकी 15. म्हणजे ते सभासद अर्धे बरोबर होते, बाया विषय जास्त काढत होत्या.

पडलेले विषय कोणते? बर्फ आणि टोपल्या ठेवायला जागा, बाजारातलं संडास, परवान्यावर बाईचं नाव. उचललेल्यांत सागरी रस्ता ठळक होता. होड्यांच्या वाटेवरच्या खांबांमधलं अंतर 60 ऐवजी 120 मीटर करायचं 2022 च्या अखेरीस ठरलं, ते कोळ्यांच्या लढ्यामुळे, आणि त्या विषयावर बायाही भरभरून बोलल्या आहेत. त्याचं महत्त्व कोणीच नाकारत नाही. पण बर्फाचा विषय चार आठवड्यांत पाच वेळा आला, तिघींनी आणला, आणि एकदाही त्याला दुसरं उत्तर मिळालं नाही. एकदा तर त्याच्या खाली लगेच क्रिकेटचा स्कोअर होता.

चार आठवडे म्हणजे थोडेच, आणि ग्रुपबाहेर फोनवर काय बोललं जातं ते यात येत नाही. तरी हा तक्ता आम्ही बैठकीत ठेवला. टक्केवारी न सांगता पडलेले पंधरा विषय फक्त वाचून दाखवले. तेवीसातल्या आठांवर वाद झाला, "हा विषय नव्हताच" असं दोनदा ऐकावं लागलं, आणि त्या दोन्ही वेळा मूळ आवाज फोनवर लावून ऐकवला. आता महिन्याच्या बैठकीत न उचललेले विषय आधी घेतले जातात. बैठक संध्याकाळी सातला असते. बर्फाच्या जागेसाठीचा अर्ज लिहून झाला आहे, त्यावर सह्या घेणं चालू आहे.