पाण्याच्या टाकीवरून पुढे

दिवाळीत ज्यांच्याकडे पाहुणे यायचे आहेत आणि ज्यांचे घर नव्या वसाहतीत आहे, त्यांच्यासाठी या खेपेचा मजकूर. चकल्या कशा खुसखुशीत होतील हे इतर पानांवर सापडेलच. पाहुणा चकलीपर्यंत पोहोचावा कसा, तेवढे येथे पाहू.

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या दक्षिणेस सातारा आणि देवळाई ही दोन गावे. पूर्वी ती ग्रामपंचायतीत होती, आता महापालिकेत आली आहेत. (पुण्याच्या पाहुण्याला नुसते ‘साताऱ्यात राहतो’ म्हणू नये, तो कंदी पेढ्यांची वाट पाहू लागतो.) येथल्या घराचा पत्ता साधारण असा असतो : प्लॉट नंबर २७, गट नंबर अमुक, सातारा परिसर, बीड बायपास. वाचायला भरघोस, पण रिक्षावाल्याच्या हाती त्यातले फक्त ‘बीड बायपास’ लागते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गट नंबर हा रस्त्याचा नंबर नव्हे, शेतजमिनीचा. सातबाऱ्यावर जो असतो तोच. शेताच्या बांधांप्रमाणे गट पडले, तेव्हा तेथे रस्ता नव्हता आणि रिक्षाही नव्हती. त्यामुळे रस्त्याने जाताना एका गटानंतर त्याच्या पुढचा आकडा लागेलच असे नाही. शिवाय एकाच गटात दोन-तीन मालकांनी वेगवेगळे लेआउट पाडलेले असतात आणि प्रत्येकाचे प्लॉट १ पासून सुरू होतात. म्हणजे २७ नंबरचा प्लॉट एका गटात तीन ठिकाणी असू शकतो, आणि तिन्ही घरांपुढे तुळशीवृंदावन व पांढरी मोटार! सरकारी दप्तरात जमीन ओळखण्यासाठी हा पत्ता चोख आहे. घराकडे जाण्यासाठी तो केलेलाच नाही.

जुन्या शहराला ही अडचण पडली नाही. येथले दरवाजे हेच पत्ते. पैठण गेट पैठणच्या वाटेवर, दिल्ली गेट दिल्लीच्या वाटेवर, नावातच दिशा. मलिक अंबरने १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा आजही रिक्षावाल्याला सांगता येतो. आणि त्याच्या तोंडची नावे पाटीवरच्या नावांहून चिवट असतात. पाटीवर महावीर चौक असला तरी रिक्षावाल्याला ‘बाबा पेट्रोल पंप’ म्हणावे. वसंतराव नाईक चौकाला ‘सिडको चौक’ म्हणावे. शहराचे नाव २०२३ साली बदलले तरी चौकांची ही बोलीतली नावे टिकून आहेत. तेव्हा पत्ता सांगताना आपल्या लेटरहेडवरचे नाव बाजूला ठेवून त्याच्या तोंडचे नाव घ्यावे.

आता एक घर घेऊ आणि रेल्वे स्टेशनपासून तेथवर पाहुण्याला आणू. गृहिणीने रिक्षात बसण्याआधीच पाहुण्याला फोनवर सांगावे, ‘रिक्षावाल्याला आधी एवढेच म्हणा : बीड बायपास, एमआयटी कॉलेज.’ भाडे तेथपर्यंतचे नव्हे, ‘एमआयटीच्या आत, सातारा गावाच्या रस्त्याला’ असे सांगून ठरवावे. नाहीतर कॉलेजशी रिक्षा थांबते आणि पुढच्या अंतरासाठी नवा वाद सुरू होतो. बिचाऱ्याचीही चूक नसते. आत शिरून घर शोधण्यात त्याचा वेळ जातो आणि परतीचे भाडे तेथे मिळत नाही.

स्टेशनवरून रिक्षा पैठण रस्त्याने महानुभाव आश्रम चौकात येते आणि डावीकडे बायपासला लागते. येथून पुढची सूचना सर्वांत महत्त्वाची : ‘पुलावर चढू नका.’ बायपासवर आता एमआयटी, संग्रामनगर आणि देवळाई या चौकांत उड्डाणपूल झाले आहेत. पुलावरून गेलेल्या रिक्षाला कॉलेज दिसते पण वळता येत नाही. म्हणून ‘पूल दिसला की बाजूच्या रस्त्याने खाली राहा आणि पुलाखालून उजवीकडे घ्या,’ असे सांगावे. हाच पाहुणा विमानतळाकडून बायपासने आला, तर तीच वाट त्याच्या डाव्या हाताला येते. डावे-उजवे म्हणताना तो कोठून येतो आहे हे आधी विचारावे ते यासाठी. आपण घराच्या ओट्यावर उभे राहून हात दाखवतो तो फोनमध्ये दिसत नाही.

खरी परीक्षा पुढे, आतल्या रस्त्यावर. येथे खुणा निवडताना तीन गोष्टी पाहाव्या. खूण वळणाच्या आधी, रिक्षात बसलेल्या माणसाला दिसली पाहिजे. ती त्या रस्त्यावर एकटीच पाहिजे. ‘मेडिकलपाशी वळा’ म्हणाल तर मेडिकल चार आहेत, आणि हनुमान मंदिरांविषयी बोलायलाच नको. आणि ती पुढच्या दिवाळीलाही असली पाहिजे. ‘वाळूचा ढीग आहे तेथून’ ही खूण वाळूबरोबर भिंतीत जाते. ‘तिसरी गल्ली’ हेही नव्या वसाहतीत धोक्याचे, कारण दोन रिकाम्या प्लॉटांमधली मोकळी जागा गल्ली धरायची की नाही हे प्रत्येकजण आपल्या मनाने ठरवतो. पाण्याची उंच टाकी, नाल्यावरचा पूल, विजेची डीपी या खुणा उत्तम. डीपी लोखंडी, कुंपणातली आणि सहसा न हलणारी. गल्लीच्या तोंडाशी असली तर आपले भाग्यच समजावे.

तेव्हा या घराची वाट अशी : ‘सरळ गावाकडे चला, डाव्या हाताला पाण्याची टाकी सोडा, पुढे नाल्यावरचा लहान पूल ओलांडा आणि लगेच डीपीपासून उजवीकडे. खंडोबाचे देऊळ दिसू लागले तर तुम्ही पुढे गेलात, मागे फिरा.’ हे शेवटचे वाक्य बहुतेक लोक विसरतात. चुकलेल्या माणसाला आपण चुकलो हे कळण्याची खूणही द्यावी लागते. नाहीतर तो श्रद्धेने पुढेच जात राहतो.

मोबाइलवर घराची जागा पाठवावीच, पण त्यावर विसंबू नये. नकाशातला जवळचा रस्ता पुष्कळदा मागच्या लेआउटमधून येतो आणि मध्ये कंपाउंडची भिंत असते. रिक्षा भिंतीपलीकडे उभी, टिपका मात्र आपल्या अंगणात! अशा वेळी ‘कुठे आहात?’ विचारू नये. ते त्याला ठाऊक असते तर फोन कशाला केला असता? विचारावे :

‘दादा, समोर काय दिसतंय?’

‘ताई, गुलाबी बंगला आहे अन् पुढं रस्ताच बंद आहे.’

‘मग वळून टाकीपाशी या. मुलगा डीपीजवळ बॅटरी घेऊन उभा आहे.’

म्हणजे त्याला ठाऊक असलेल्या शेवटच्या खुणेपर्यंत परत आणायचे आणि तेथून वाट पुन्हा सुरू करायची. भिंतीपासून पुढे सांगू गेलात तर दोघेही अडकता.

हीच वाट चार ओळींत कागदावर लिहून फोनजवळ चिकटवून ठेवावी. रात्री आजोबांच्या छातीत कळ आली आणि १०८ ला फोन लावला, तर पलीकडचा माणूस पहिला प्रश्न खुणेचाच विचारतो, आणि त्या घटकेला घरातल्या मोठ्या माणसांना स्वतःच्या गल्लीचे तोंड आठवत नाही. कागद मोठ्या अक्षरांत असला तर दहा वर्षांची मुलगीही तो वाचून दाखवू शकते. दिवाळीच्या साफसफाईत तो कागद एकदा रस्त्यावर नेऊन ताडून पाहावा. कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर बंगला झाला असेल आणि टाकी त्याच्या आड गेली असेल.