भागायचे कोणत्या बेरजेने?

१९१२ साली टायटॅनिक बुडाले, तेव्हा वाचलेल्यांत सर्वांत मोठा गट जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचा होता. हे खरे आहे. पण त्यावरून कर्मचाऱ्यांनी आधी आपला जीव वाचवला असे म्हणणे सपशेल चूक आहे, आणि ती चूक आकड्यांची नाही, भागाकाराची आहे.

ब्रिटिश चौकशीतल्या आकड्यांनुसार जहाजावर २,२०१ माणसे होती, वाचली ७११. वाचलेल्यांत कर्मचारी २१२, पहिल्या वर्गाचे प्रवासी २०३. या संख्यांना २,२०१ ने भागले की संयुक्त संभाव्यता मिळते : ०.०९६ आणि ०.०९२. म्हणजे जवळपास सारखीच. पण मुळात कर्मचारी ८८५ होते आणि पहिल्या वर्गात ३२५ जण. वर्ग आणि बचाव यांच्या कोष्टकातल्या आपापल्या ओळीच्या बेरजेने भागले, तर वाचण्याची सशर्त संभाव्यता कर्मचाऱ्यांसाठी २४ टक्के येते, पहिल्या वर्गासाठी ६२. तोच २१२ हा आकडा वाचलेल्यांच्या बेरजेने, ७११ ने, भागला की ३० टक्के होतो. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो : वाचलेल्यांपैकी किती जण कर्मचारी? बातम्यांत हे दोन प्रश्न सर्रास एकमेकांच्या जागी बसवले जातात, म्हणून टक्केवारी दिसली की ती 'कोणापैकी' आहे हे आधी पाहावे.

वर्ग आणि बचाव यांचा संबंधच नसता, तर काय दिसले असते? त्यासाठी कोष्टकाच्या कडेच्या बेरजा घ्याव्यात. पहिल्या वर्गात असण्याची सीमांत संभाव्यता ०.१४८, वाचण्याची ०.३२३. दोन्ही गोष्टी स्वतंत्र असत्या तर त्यांचा गुणाकार, ०.०४८, पहिल्या वर्गातल्या वाचलेल्यांच्या चौकटीत दिसला असता, म्हणजे सुमारे १०५ माणसे. प्रत्यक्षात वाचली २०३. स्वातंत्र्य मोडायला अशी एक चौकट पुरते. ते सिद्ध करायला मात्र प्रत्येक चौकटीत गुणाकार जुळावा लागतो.

पण नुसते वर्गवार कोष्टक वाचून थांबणेही धोक्याचे. तिसऱ्या वर्गातले ७०६ पैकी १७८ वाचले, म्हणजे २५ टक्के. कर्मचाऱ्यांचे २४. हे दोनच गट पाहिले तर गटाने काही फरक पडलेला नाही, असे वाटते. आता त्यांतले प्रौढ पुरुष वेगळे काढा. तिसऱ्या वर्गातल्या ४६२ पैकी ७५ वाचले, १६ टक्के. कर्मचाऱ्यांतल्या ८६२ पैकी १९२, म्हणजे २२ टक्के. कर्मचाऱ्यांत स्त्रिया अवघ्या २३ होत्या, तिसऱ्या वर्गात १६५, शिवाय ७९ मुले. तिसऱ्या वर्गातल्या या स्त्रियांपैकी ७६ आणि मुलांपैकी २७ जीव वाचले, म्हणून तिसऱ्या वर्गाची एकूण टक्केवारी कर्मचाऱ्यांच्या बरोबरीला आली.