फुटलेल्या तंबोऱ्याचा दावा

मिरजेहून नागपूरला भाचीसाठी पाठवलेला तंबोरा भोपळ्याला चीर पडलेल्या अवस्थेत पोहोचला. गाणं शिकणाऱ्या मुलीचा तो पहिलावहिला स्वतःचा तंबोरा होता, त्यामुळे राग आला आणि वाईटही वाटलं. पण कुरिअर कंपनीला पाठवायच्या पत्रात त्या दोन्हींचा उपयोग नसतो. तिथे कागद बोलतात.

तंबोऱ्याच्या बाबतीत कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: पॅकिंग नीट नव्हतं, नाहीतर वाद्य आतूनच तडकलं. हे खोडायला आमच्याकडे कारागिरांनी दिलेलं लेखी निरीक्षण होतं. मिरजेचे कारागीर तंबोरा रवाना करताना तारा सैल सोडतात आणि घोडी काढून वेगळी बांधतात, म्हणजे प्रवासात तबलीवर ताण राहत नाही. आमच्या तंबोऱ्याच्या तारा सैलच होत्या, तबली शाबूत होती आणि दांडीचा जोडही. चीर होती भोपळ्याच्या बाजूला, आणि लाकडी खोक्याची फळी आत दबली होती तीही नेमकी तिथेच. फळी आणि चीर एका चौकटीत दाखवणारा फोटो आम्ही पत्राला पहिला जोडला. धक्का बाहेरून बसल्याचं त्या एका फोटोतून जितकं कळत होतं, तितकं आमच्या दोन पानी वर्णनातून कळलं नसतं.

भाचीने एक फार चांगलं काम केलं. पोहोच घेणाऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर बोटाने सही करायची होती. तिथे शेरा लिहायला जागाच नव्हती. तिने सही करण्याआधी दबलेलं खोकं लेबलसकट टिपलं, खोकं उघडतानाचा व्हिडिओ घेतला आणि त्याच संध्याकाळी कंपनीला ईमेल केला. ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ असा अर्थ त्या सहीतून निघतो, म्हणून तिच्या शेजारी त्याच दिवसाचा लेखी आक्षेप असावाच लागतो. खोकं आणि आतला पेंढाही तिने टाकला नाही. कंपनीचा माणूस पाहणीला आला तेव्हा त्याने आधी तेच मागितलं.

आता रक्कम. तंबोऱ्याचं बिल ३२,००० रुपयांचं, म्हणून तेवढे मागा, असा घरातून आग्रह होता. मला तो पटला नाही. वाद्य दुरुस्त होणार असेल आणि आपल्याकडेच राहणार असेल, तर पूर्ण किंमत मागणं टिकत नाही. उलट सगळा दावाच फुगवलेला वाटतो. कारागिरांनी सही-शिक्क्यानिशी अंदाजपत्रक दिलं: चिरेला आतून आधार, बाहेरून पॉलिश आणि पुन्हा जवारी, मिळून ११,५०० रुपये. मिरजेला नेण्या-आणण्याचे ३,७०० आणि मूळ भाडं १,८५०. एकूण १७,०५० रुपये. यातल्या प्रत्येक आकड्यामागे एक कागद होता. मनस्ताप झाला होताच, पण त्याची पावती नसते. त्याची भरपाई ग्राहक आयोगापुढे मागता येते, म्हणून पत्रात ती घातली नाही.

कंपनीने उलट टपाली पावतीमागची छापील अट दाखवली: जबाबदारी जास्तीत जास्त २,००० रुपये. ही अट हसण्यावारी नेता येत नाही. भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सही केलेल्या पावतीवरची मर्यादा बंधनकारक धरली होती. निर्यातीची कागदपत्रं पोहोचली नाहीत, नुकसान हजारो जर्मन मार्कांचं झालं आणि भरपाई मिळाली १०० डॉलर.

आम्हाला वाचवलं पावतीवरच्या एका रकान्याने. बुकिंग करताना घोषित किंमत ३२,००० लिहिली होती आणि जोखमीचा जादा आकार भरला होता. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यातही जादा दराने जोखीम स्वीकारली असेल तर मर्यादित जबाबदारीचा बचाव राहत नाही. आम्ही दुसऱ्या पत्रात एवढंच लिहिलं आणि जादा आकाराची ओळ अधोरेखित करून पावतीची प्रत जोडली. याच कायद्यानुसार दावा लावण्याआधी बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणून पत्राच्या मथळ्यात ‘नोटीस’ हा शब्द घातला आणि ते रजिस्टर टपालाने पाठवलं.

आता कंपनी दुरुस्तीचे ११,५०० द्यायला तयार आहे. सोबत सहीसाठी एक छापील कागद आलाय: ‘पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली’. त्यावर सही केली की उरलेल्या ५,५५० रुपयांचा हक्क संपल्यातच जमा. मी तो सही न करता परत पाठवला आहे आणि सोबत लिहिलं आहे की ही रक्कम अंशतः भरपाई म्हणून, हक्क राखून, स्वीकारतो. ‘अंतिम’ हा शब्द नसलेला कागद पाठवावा. उत्तर आलं नाही तर पुढचा अर्ज जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईल. तिथे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.