काल दिलेल्या दाखल्याला आजची अट

उशिरा नोंदवलेल्या जन्माच्या दाखल्यांवरून गेले काही महिने घरोघरी धास्ती आहे. सात रस्ता परिसरातही लोक कागदांची पिशवी घेऊन येतात आणि एकच विचारतात, "हा चालेल का?" याचे उत्तर दाखल्यावरच्या दोन गोष्टींत असते: सही कोणाची आणि तारीख कोणती.

जन्माला वर्ष उलटून गेले असेल, तर पूर्वी नोंदीसाठी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याच्या कोर्टाचा आदेश लागत असे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेला. दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी ११ ऑगस्ट २०२३ ची, पण ती अमलात आली १ ऑक्टोबर २०२३ ला. या दोन तारखांची गल्लत फार होते. मधल्या पन्नास दिवसांत जुनाच कायदा चालू होता.

जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने हे काम थांबवले. १२ मार्चच्या शासन निर्णयाने नवी कार्यपद्धती आणली आणि नायब तहसीलदारांनी दिलेले आदेश रद्द करण्याची भूमिका घेतली. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या सभांमध्ये ते एकत्र होतात, म्हणून युक्तिवाद कच्चा पडतो.

पहिला प्रश्न अधिकाराचा. नायब तहसीलदाराला त्या दिवशी अधिकारच नसेल, तर आता मागच्या तारखेने प्राधिकृत करून भागेल का? असे करावे अशी मागणी मी ऐकली आहे. नाही भागणार. केरळमध्ये नेमके हेच झाले होते. तिथे तहसीलदाराने आयकराच्या थकबाकीसाठी जप्ती केली, तेव्हा त्याच्याकडे वसुली अधिकाऱ्याचे अधिकार नव्हते. १९६३ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढून ते दिले आणि ते १ एप्रिल १९६२ पासून होते असे मानावे, असे लिहिले. गंमत म्हणजे संसदेने वसुली अधिकाऱ्याची व्याख्या स्वतःच त्या तारखेपासून बदललेली होती. तरीही १९६९ मध्ये पोन्नूस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती मागची तारीख मानली नाही. संसद आणि विधिमंडळ घटनेच्या मर्यादेत मागच्या तारखेपासून कायदा करू शकतात. पण त्यांच्याकडून उसना अधिकार घेतलेल्या सरकारला किंवा अधिकाऱ्याला तसा नियम करायचा असेल, तर मूळ कायद्यात तशी परवानगी स्पष्ट शब्दांत किंवा अटळ अर्थाने असावी लागते. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो तसे, आज परमिशन दिली म्हणून कालचा लॉग बदलत नाही.

म्हणून अशा दाखल्यासाठी आधी माहिती अधिकारात एक कागद मागा: त्या अधिकाऱ्याला प्राधिकृत करणारा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. त्याची तारीख तुमच्या आदेशाच्या आधीची असेल, तर बाजू भक्कम आहे. नंतरची असेल किंवा असा आदेशच नसेल, तर सक्षम अधिकाऱ्याकडे नव्याने अर्ज करावा. ही चूक कार्यालयाची आहे. चुकीच्या टेबलावर सही झाली म्हणून अर्जदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला, असे सिद्ध होत नाही.

दुसरा प्रश्न उलटा आहे. ज्याला अधिकार होता, त्या तहसीलदाराने २०२४ मध्ये तेव्हाच्या पद्धतीने आदेश दिला. आता मार्च २०२५ ची यादी दाखवून "हे पुरावे तेव्हा का नव्हते?" असे विचारता येईल का? १९६९ च्या कायद्याचे कलम ३० राज्याला केंद्राच्या मान्यतेने, राजपत्रात अधिसूचना काढून नियम करण्याचा अधिकार देते. मागच्या तारखेपासून नियम लागू करण्याचे शब्द त्यात नाहीत. शासन निर्णय तर नियमही नाही, ती प्रशासकीय सूचना आहे. जे नियमाला जमत नाही, ते सूचनेला कसे जमेल?

कायद्यात परवानगी असली तरी हद्द असते. ही गोष्ट सोलापुरातल्या रेल्वेच्या जुन्या रनिंग स्टाफला सांगायला नको. ड्रायव्हर-गार्डांच्या पेन्शनमध्ये रनिंग भत्ता वेतनाच्या ७५ टक्क्यांपर्यंत धरला जाई. डिसेंबर १९८८ च्या अधिसूचनेने ही मर्यादा थेट १ जानेवारी १९७३ पासून खाली आणली. म्हणजे ५०० रुपये वेतनावर ३७५ पर्यंत धरला जाणारा भत्ता आधी २२५ वर आणि एप्रिल १९७९ पासून २७५ वर आला. सेवाशर्तींचे नियम मागच्या तारखेपासून करता येतात, हे न्यायालयाला मान्य होते. तरीही १९९७ मध्ये रंगधामय्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही कपात रद्द ठरवली, कारण निवृत्त माणसाला मिळून चुकलेला हक्क ती काढून घेत होती.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. खोटी कागदपत्रे देऊन मिळवलेला आदेश कधीही रद्द होऊ शकतो आणि तेव्हा मागच्या तारखेचा हा मुद्दा कामाला येणार नाही. पण त्यासाठी त्या माणसाला नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि त्याच्याच कागदातले खोटे दाखवावे लागते. तुमच्या नोटिशीत नुसता "शासन निर्णय १२/०३/२०२५" लिहिला असेल आणि कोणता कागद खोटा हे लिहिले नसेल, तर लेखी उत्तरात पहिला मुद्दा तोच घ्या आणि आपल्या आदेशाची तारीख त्याच्या शेजारी लिहा.