पार्सल गेटवर ठेवा, पण ओटीपी कोणी द्यायचा? सोसायटीच्या नोटिशीतली राहून गेलेली ओळ

‘सोमवारपासून डिलिव्हरी बॉयना वर सोडले जाणार नाही. पार्सल गेटवर ठेवले जाईल. ज्यांना ओटीपी येतो त्यांनी तो सिक्युरिटीला कळवावा.’ अशा धर्तीची नोटीस आता बऱ्याच सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. कमिटीची बाजूही समजण्यासारखी आहे. दिवसभर चाललेली ये-जा, लिफ्टमध्ये गर्दी, कोण आलं आणि कोण गेलं याचा पत्ता नाही. पण या नोटिशीची तिसरी ओळ जरा थांबून वाचा. तिथे गडबड आहे.

आधी हे बघू, की डिलिव्हरीचा ओटीपी म्हणजे नक्की काय? पूर्वी कुरिअरवाला एक कागद पुढे करायचा आणि आपण ‘मिळाले’ म्हणून सही करायचो. महागड्या वस्तूंच्या बाबतीत त्या सहीची जागा ओटीपीने घेतली आहे. रायडरने त्याच्या ॲपमध्ये तो कोड टाकला की कंपनीच्या सिस्टीममध्ये ऑर्डर ‘डिलिव्हर्ड’ होते. कोड गार्डच्या हातून गेला की तुमच्या हातून, हे सिस्टीमला कळत नाही. तिच्या लेखी माल ग्राहकाला पोचला. म्हणजे तुम्ही ऑफिसात बसून फोनवर कोड सांगता तेव्हा न बघितलेल्या बॉक्सवर सही करत असता.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही २२,००० रुपयांचा फोन मागवलाय. दुपारी अडीचला रायडरचा फोन येतो, “सर, गेटवर आहे, वर सोडत नाहीत. ओटीपी सांगा, गार्डकडे ठेवतो.” तुम्ही कोड सांगता. रात्री नऊला केबिनमधून बॉक्स घेता, घरी उघडता आणि आत साबणाच्या वड्या. आता प्रश्न असा, की अदलाबदल कुठे झाली? गोडाऊनमध्ये, रायडरच्या बॅगेत, की गेटवरच्या साडेसहा तासांत? कंपनी म्हणणार, ओटीपी देऊन माल स्वीकारलाय. एजन्सी म्हणणार, आमच्या गार्डने बंद बॉक्स घेतला आणि बंदच दिला. कमिटी म्हणणार, आमचा संबंध नाही. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर वाटतं, आणि सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येऊन पडतं.

काही महाग वस्तूंसाठी ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ असते. त्यात रायडर तुमच्यासमोर बॉक्स उघडतो, तुम्ही वस्तू पाहता आणि मग कोड देता. नोटीस रायडरला गेटवरच थांबवत असेल आणि कोड गार्डच देत असेल, तर ही सोय असून नसल्यासारखी. गार्डने तुमच्या फोनचं मॉडेल तपासावं ही अपेक्षा बरोबर नाही. ते त्याचं कामच नाही.

गोंधळ वाढतो कारण गेटवर दोन वेगळे कोड फिरतात. एक असतो गेट ॲपचा. तुम्ही आधीच परवानगी दिली की एक पासकोड तयार होतो, किंवा पार्सल गेटवर ठेवलं की ते सोडवायला कोड येतो. हा कोड गार्डला सांगण्यासाठीच असतो, त्याने फक्त गेट उघडतं किंवा पार्सल हातात मिळतं. दुसरा असतो विक्री कंपनीचा, जो माल मिळाल्याची पावती आहे. नोटिशीत दोघांनाही नुसतं ‘ओटीपी’ म्हटलं की आजी-आजोबा आलेला कुठलाही कोड इंटरकॉमवर वाचून दाखवतात. आणि त्यात एखाद दिवशी बँकेचा कोडही असू शकतो.

याच सवयीवर भामटे जगतात. फोन येतो, “तुमचं पार्सल आलंय, गेटवर उभा आहे.” तुम्ही म्हणता, मी काही मागवलं नाही. “मग कॅन्सल करतो, आलेला कोड सांगा.” तो कोड तुमच्या बँकेचा किंवा व्हॉट्सॲपचा असतो. दुसऱ्या प्रकारात तो एखादा नंबर डायल करायला सांगतो, ज्याची सुरुवात `*401*` किंवा `**21*` अशी असते आणि पुढे त्याचा मोबाइल नंबर. तो लावला की तुमचे कॉल त्याच्याकडे वळू शकतात आणि कॉलवर सांगितला जाणारा ओटीपी त्याला ऐकू जातो. चुकून लावलाच तर `##002#` डायल करून फॉरवर्डिंग बंद करा, सेटिंगमध्ये जाऊन खात्री करा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. खरा रायडर ओळखायची सोपी खूण अशी: फोन ठेवा, शॉपिंग ॲप उघडा आणि ऑर्डर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ दाखवतेय का बघा. जी ऑर्डर तुम्ही केलीच नाही, ती रद्द करायला तुमच्या कोडची गरज नसते.

मग नोटीस कशी असावी? आमच्या मते चार ओळी पुरतात.

‘१. ओटीपी नसलेले पार्सल गेटवर ठेवता येईल.
२. ओटीपीचे किंवा ओपन बॉक्स पार्सल रहिवासी किंवा घरातील व्यक्तीने स्वतः घ्यावे. त्यासाठी रायडरला वर सोडले जाईल किंवा रहिवाशाने खाली यावे.
३. सिक्युरिटीने कंपनीचा ओटीपी मागू नये आणि रहिवाशाने तो सांगू नये. गेट ॲपचा कोड वेगळा आहे.
४. गेटवर ठेवलेल्या प्रत्येक पार्सलची नोंद होईल: वेळ, फ्लॅट, ट्रॅकिंग नंबरचे शेवटचे चार अंक, टेप शाबूत की फाटलेली, आणि नेणाऱ्याची सही.’

चौथी ओळ कंटाळवाणी वाटते, पण वरच्या उदाहरणात तीच उपयोगी पडली असती. ‘दुपारी २:४०, टेप शाबूत’ आणि ‘रात्री ९:१०, टेप शाबूत’ अशा दोन नोंदी असत्या तर किमान गेटवर बॉक्स फोडला गेला नाही, एवढं तरी दिसलं असतं. अर्थात नोंद बॉक्सच्या आतलं सांगत नाही, आणि सफाईने चिकटवलेली टेप गार्डच्या नजरेतून सुटू शकते.

घरी कोणीच नसेल तर? ॲपमधून डिलिव्हरीची तारीख बदला, किंवा पिकअप पॉइंटचा पर्याय मिळत असेल तर तो घ्या. आणि कोड देऊन झालाच असेल तर बॉक्स उघडण्याआधी मोबाइलवर सलग व्हिडिओ सुरू करा. सहाही बाजू, लेबल, टेप, मग कापणं, सगळं एकाच शॉटमध्ये. तक्रार त्याच दिवशी ॲपवर टाका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असतं. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

तुमच्या ग्रुपवर अशी नोटीस आली असेल तर अंगठा दाखवून पुढे जाऊ नका. सेक्रेटरींना एवढंच विचारा, “काका, यातला ओटीपी म्हणजे गेटचा की कंपनीचा?”