फळमाशीचा पंख आणि एका क्लिकची निवड

छायाचित्रातील कीटकावर एक क्लिक करताच त्याची आकृती निवडून देणारी साधने आता प्रयोगशाळांत रुळू लागली आहेत. त्यांचे स्वागतच आहे. मात्र त्या निवडीवरून मोजमाप घेण्यापूर्वी तिच्या कडा तपासणे अनिवार्य असावे, असे माझे मत आहे.

आंब्यावरील फळमाशी घ्या. पांढऱ्या कार्डावर ठेवलेल्या माशीच्या वक्षावर क्लिक केले, की धड व्यवस्थित निवडले जाते. पारदर्शक पंख मात्र कार्डाचाच भाग ठरू शकतो, पायांखालची सावली आत शिरते आणि शृंगिका तुटतात. मेटाने २०२३ मध्ये खुल्या केलेल्या ‘सेगमेंट एनीथिंग’ मॉडेलमध्ये याचे एक कारण दिसते. चित्राची लांब बाजू १,०२४ पिक्सेलवर आणली जाते आणि निवड २५६ × २५६ चौकटींच्या जाळीवर आखून मग मोठी केली जाते. ४,००० पिक्सेल रुंद छायाचित्रात अशी एक चौकट म्हणजे मूळचे सुमारे १६ पिक्सेल. शृंगिका अनेकदा त्याहून बारीक असते.

म्हणून आधी माशीपुरतेच चित्र कापावे, मग क्लिक करावे. सुटलेल्या पंखावर समावेशाचा आणि सावलीवर वगळण्याचा बिंदू द्यावा. उरलेली कड चित्र मोठे करून ब्रशने सुधारावी. परंतु पंखाची कड डोळ्यालाच दिसत नसेल, तर ब्रशने काढलेली रेघ हा निव्वळ अंदाज होय, आणि तोच पुढे क्षेत्रफळाच्या रकान्यात मोजमाप म्हणून नोंदला जातो. अशा वेळी गडद पार्श्वभूमीवर, तिरप्या प्रकाशात छायाचित्र पुन्हा घ्यावे.