चित्रातले ऊन

सांगलीतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी गेल्या वर्षी एक छोटे काम निघाले. धाकट्या सुनेने दुकानाचे हिशेब आणि कराची विवरणपत्रे सांभाळायची असे ठरले, आणि त्यासाठी तिच्याच शयनगृहात बसण्याची जागा करावयाची होती. अंतर्गत सजावट करणाऱ्याने नकाशासोबत एक रेंडर पाठविले. रेंडर म्हणजे संगणकावर तयार केलेले, छायाचित्रासारखे भासणारे चित्र. त्यात पूर्वेच्या भिंतीला टेबल, डाव्या हाताला खिडकी, टेबलाच्या डाव्या टोकाला दुधी काचेचा दिवा, वर पुस्तकांच्या फळ्या, आणि खिडकीतून टेबलावर उतरलेला सोनेरी उन्हाचा पट्टा होता. चित्र घरात सर्वांना आवडले. निम्मी रक्कम आगाऊ द्यावयाची होती, आणि धनादेश लिहूनही झाला होता.

सासऱ्यांनी मात्र नकाशा पुन्हा उघडला. आयुष्यभर त्यांनी कापडाचा रंग दुकानातील दिव्याखाली कधी ठरविला नव्हता. ताग्याचे टोक हातात घेऊन ते दारापाशी उजेडात जात. चित्रातील उजेड कोठून आला, हाच त्यांचा पहिला प्रश्न होता.

नकाशावरील उत्तर दिशेचा बाण पाहता खिडकी उत्तरेच्या भिंतीत होती. सांगलीत सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर आकाशाच्या दक्षिण भागातून फिरतो. त्या सहा महिन्यांत उत्तरेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. उन्हाळ्यात सकाळी व सायंकाळी तिरपी किरणे येऊ शकतात. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेस असतो खरा, परंतु तो जवळजवळ डोक्यावर असल्याने खिडकीवरील छज्जाच त्याला अडवितो. म्हणजे चित्रातील सोनेरी पट्टा त्या खोलीचा नव्हता. चित्र करणाऱ्याने सूर्य आपल्या सोयीने, जेथून शोभा येईल तेथे ठेवला होता.

यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. स्केचअपसारख्या प्रणालीत गावाचे स्थान, उत्तर दिशा, तारीख आणि वेळ भरली की सूर्य आपोआप योग्य जागी येतो. परंतु ते न भरताही चित्र तयार होते, आणि पुष्कळदा अधिक देखणे होते. त्यामुळे मागणी स्पष्ट शब्दांत करावी लागते. सासऱ्यांनी तशी ती केली. गाव सांगली, नकाशाप्रमाणे उत्तर दिशा, सर्व दिवे बंद, आणि सकाळी दहाची तीन चित्रे: २१ मार्च, २१ जून व २१ डिसेंबर.

नवी चित्रे आली तेव्हा सोनेरी पट्टा नाहीसा झाला होता. खोली थोडी निस्तेज दिसत होती, आणि घरातील मंडळी हिरमुसली. वास्तविक ही वार्ता चांगली होती. उत्तरेचा उजेड आकाशाचा असतो. तो सौम्य असतो आणि फारसा सरकत नाही. संगणकाच्या पडद्यासाठी असाच उजेड हवा, आणि तो बाजूनेच यावा. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात; पाठीशी असली तर तीच खिडकी पडद्यावर चमकते. पूर्वेच्या भिंतीची जागा म्हणूनच योग्य होती, आणि पूर्वेकडे तोंड करून बसण्याचा घरातील आग्रहही त्यात पाळला जात होता.

अडचण दुसरीच निघाली. सून डावखुरी होती. डावीकडून प्रकाश यावा हा नियम उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचा. डाव्या हाताने लिहिताना त्याच हाताची सावली ओळीवर पडते. टेबल समोरच्या भिंतीला न्यावे काय, असा विचार झाला. परंतु खोलीत बसून पाहिल्यावर उलगडा झाला. खिडकी मोठी आणि उजेड पसरट असल्याने दिवसाची सावली इतकी फिकी होती की लिहिण्यास अडथळा होत नव्हता. खरी सावली दिव्याची असते, कारण दिवा हा प्रकाशाचा लहानसा ठिपका असतो व त्याची सावली काळी आणि धारदार पडते. सुनेचे बरेचसे काम सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपल्यानंतरच सुरू होत असे. तेव्हा टेबल होते तेथेच राहिले, आणि दिवा उजव्या टोकाला गेला.

याच बदलाने आणखी एक प्रश्न सुटला. पलंग दक्षिणेच्या भिंतीला, म्हणजे टेबलाच्या उजवीकडे होता. चित्रातील डाव्या टोकाच्या दिव्याचा झोत पलंगाकडेच गेला असता, आणि दुधी काचेमुळे उजेड खोलीभर पसरून निजलेल्या मुलाच्या डोळ्यांवर आला असता. त्याऐवजी अपारदर्शक टोपीचा, वाकणाऱ्या दांड्याचा दिवा घेतला. टोपीची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली ठेवली आणि तोंड पलंगापासून दूर, टेबलाकडे वळविले.

मग मापे निघाली. खोली पूर्व-पश्चिम १० फूट. टेबलाची खोली २ फूट आणि समोरच्या भिंतीतील कपाट २ फूट. उरले ६ फूट. खुर्ची मागे सरकवून उठण्यास सुमारे ३ फूट लागतात. राहिलेल्या ३ फुटांत कपाटाचे दार उघडते, पण ते उघडे असता खुर्चीत बसलेल्याच्या मागून जाणे अवघड होते. चित्रात हीच जागा ऐसपैस दिसत होती, आणि कपाट तर दिसतच नव्हते. कारण उघड होते: पाहणाऱ्याचा डोळा कपाटाच्याही मागे, भिंतीपलीकडे ठेवला होता. त्याची खूण चित्रातच होती. छत, खिडकी आणि पूर्ण पलंग एकाच चौकटीत मावले होते. अशा वेळी टेबल आणि मागे सरकविलेली खुर्ची यांची मापे जमिनीवर चिकटपट्टीने आखून कपाटाचे दार उघडून पाहावे. सांगलीतील घरी तसे केल्यावर टेबलाची लांबी ४ फूट ठेवली, आणि कपाटाला सरकती दारे घेतली.

फळ्यांचा दोष सर्वांत शेवटी सापडला. चित्रात त्या ८ इंच खोल होत्या व त्यांवर चार पुस्तके आणि एक कुंडी होती. प्रत्यक्षात तेथे बॉक्स फाइली ठेवावयाच्या होत्या. घरातल्या मोजल्या, त्या ११ इंच भरल्या. फळ्या १२ इंच केल्या तर खिडकीलगतची उभी फळी बाजूचा उजेडच अडविणार होती. म्हणून फळ्या टेबलाच्या उजव्या अर्ध्या भागावर घेतल्या, टेबलापासून २० इंच उंच, म्हणजे दिव्याच्या दांड्यालाही जागा राहिली.

सुधारलेले चित्र पहिल्याइतके देखणे नव्हते. त्यात ऊन नव्हते, कुंडी नव्हती, आणि कपाट समोर उभे होते. सासऱ्यांनी त्यावर तारीख घालून सही केली, मापांचा कागद त्याला जोडला, आणि मगच धनादेश दिला. नमुन्याप्रमाणे माल आला नाही तर तक्रार करता येते. परंतु नमुनाच खोट्या उजेडात पसंत केला असेल, तर तक्रार कोणाकडे करावी?